सोळा तासांचा उपास आणि रात्री दोनची जळजळ

श्रोतेहो, नमस्कार. रात्री दोन वाजता माझी ताई उठून बसायची. घशात आंबट पाणी, छातीत जळजळ, पोट टम्म. सोळा तास उपास आणि आठ तासांत जेवण, हे तिनं सुरू करून तीन आठवडे झाले होते. "उपासानं पित्त कमी व्हायला हवं, माझं वाढतंय कसं?" असं तिनं मला फोनवर विचारलं.

मी म्हटलं, "ताई, चार दिवस नुसत्या वेळा लिहून काढ." तिनं वहीत लिहिलं ते असं: सकाळी सातला उपाशीपोटी काळी कॉफी, दहाला पुन्हा कॉफी. एकला थोडंसं काहीतरी, कारण काम असायचं. मग पावणेनऊला भरगच्च ताट, नऊला आठ तासांची खाण्याची खिडकी बंद होणार म्हणून पंधरा मिनिटांत संपवलेलं. साडेदहाला झोप. (माझं स्पष्ट मत आहे, जेवताना घड्याळाकडे बघू नये आणि टीव्हीकडे तर मुळीच नाही. आमच्या घरी जेवताना गप्पा व्हायच्या, घास आपोआप सावकाश जायचा.)

दोष उपासाचा नव्हता, त्या ताटाचा होता. पोट गच्च भरलं की ताणलं जातं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप वारंवार सैल पडते. त्यात आडवं झालं की आम्ल वर येतं. भराभर गिळताना हवाही पोटात जाते, म्हणून ते फुगतं. एवढं जेवण, त्यातून तेलकट, पोटातून पुढे सरकायला चार तास सहज लागतात. ताई तर पावणेदोन तासांतच झोपत होती.

मग आम्ही खिडकी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात केली. चौदा तास उपास, दहा तास खाणं. कॉफी पहिल्या खाण्यानंतर. नऊला अर्धं ताट, एकला मुख्य जेवण, साडेसहाला पुन्हा अर्धं ताट, वीस-पंचवीस मिनिटं घेऊन. पुन्हा सांगते: रात्रीचं ताट अर्धं, आणि शेवटचा घास ते झोप, मध्ये किमान तीन तास. पहिल्या आठवड्यात रात्रीची जळजळ थांबली. फुगणं मात्र राहिलं. ते एकाच जेवणात कच्ची कोशिंबीर आणि कडधान्य भरपूर खाण्यामुळे होतं. दोन्ही वेगवेगळ्या जेवणांत थोडं थोडं घेतल्यावर तेही उतरलं.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर उपास थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. गिळताना अन्न अडकतंय, शौचाला काळं होतंय, उलटीत रक्त दिसतंय, तर त्याच दिवशी जा. छातीत दाबल्यासारखं दुखलं, तर पित्त समजून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. मधुमेहाची औषधं किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर उपासाआधीच डॉक्टरांशी बोला.

ताईनं ती वही अजून ठेवली आहे. पावणेनऊच्या ओळीवर तिनं लाल रेघ मारली आहे. नमस्कार.