वरच्या मजल्याची भिंत खाली कुठे उतरते?

मंडळी, फळ्यावर एक आयत काढलाय. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद. हा तळमजल्याचा हॉल. वर याच जागेत शेजारी-शेजारी दोन खोल्या आहेत, तीन बाय चारच्या. म्हणजे हॉलच्या बरोबर मध्यावर, डोक्यावर, एक आडवी भिंत उभी राहणार. आज एवढ्या एका चौकोनाबद्दलच बोलायचंय.

घरमालकाची अट नेहमीचीच: हॉलमध्ये मध्ये कॉलम नको. रास्त आहे. त्यावर आराखडा काढणारा काय करतो? चार कोपऱ्यांत चार कॉलम देतो आणि मोकळा होतो. आता वरच्या भिंतीचं वजन पाहा. २३० मिलिमीटर जाडीची, पावणेतीन मीटर उंचीची विटांची भिंत दर मीटरला साधारण सव्वा टन भरते. चार मीटरचे झाले पाच टन. भिंतीखाली चार मीटरचा बीम घातला, पण त्याची दोन्ही टोकं कॉलमवर येत नाहीत. ती येतात सहा मीटरच्या दोन लांब बीमवर, अगदी मध्यावर. भिंतीचेच अडीच-अडीच टन दोन्हीकडे, शिवाय स्लॅबचं वजन वेगळं. बीमला सगळ्यात नकोशी जागा कोणती, तर हीच.

स्पॅन, म्हणजे बीमच्या दोन आधारांमधलं अंतर, वाढला की बीम किती जड जातो, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. दर मीटरला वजन तेवढंच ठेवून स्पॅन तीनचा सहा केला, तर बीमला वाकवणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि बीमचं माप तेच राहिलं तर झोल सोळापट. म्हणून मग बीमची खोली, म्हणजे त्याची उभी जाडी, वाढवावी लागते. साधा ठोकताळा असा की स्पॅनचा बारावा ते पंधरावा भाग ही बीमची खोली. तीन-चार मीटरला तीनशे मिलिमीटरच्या आसपास भागतं; सहा मीटरला चारशे ते पाचशे, आणि मध्यावर भिंत आली तर त्याहून जास्त. खिडकीच्या वर एवढा बीम लोंबायला लागला की मालक पुन्हा तक्रार करतो, ते वेगळंच.

आता हाच हॉल ग्रिडवर, म्हणजे कॉलमच्या ठरावीक ओळींवर, बसवू. सहा मीटरच्या दोन्ही लांब भिंतींत, मध्यावर, तीन मीटरवर एकेक कॉलम द्या. हॉलच्या पोटात काहीच आलं नाही, कॉलम भिंतीच्या ओळीतच आहेत. वरच्या भिंतीखालचा बीम आता कॉलमवरून कॉलमवर जातो, चार मीटर, सरळ. लांब बीमचे तीन-तीन मीटरचे दोन तुकडे झाले. वाढले फक्त दोन कॉलम आणि त्यांच्या पायाची दोन फूटिंग. किंमत एकच मोजावी लागते: हॉलच्या मध्यावरची ती भली रुंद खिडकी आता दोन खिडक्यांत विभागावी लागेल. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. खरं तर बहुतेक वेळा कॉलम अडतो तो खिडकीच्या हट्टापायी, हॉलच्या मोकळेपणापायी नाही.

मी स्वतः एका घरात हे ऐकलं नव्हतं. चार कोपरे, लांब बीम, वर भिंत. हिशेब बरोबर होता, बीम पडला-बिडला नाही. पण दीड-दोन वर्षांनी वरच्या खोलीत भिंतीच्या तळाशी, जमिनीला लागून, आडवी फट दिसली आणि मधलं दार चौकटीत घासायला लागलं. काँक्रीट वजनाखाली वर्षानुवर्षं हळूहळू झुकत राहतं. विटांची भिंत तेवढी झुकत नाही, ती कमानीसारखी टोकांवर तोलून धरते आणि तळाशी बीमपासून सुटते. फट वारंवार बुजवूनही उघडत असेल, तर प्लास्टरवाल्याला दोष देण्याआधी खालचा प्लॅन काढून पाहा.

हे टाळायचं तर कॉलम तळमजल्याच्या प्लॅनवर ठरवू नका. सगळ्या मजल्यांचे प्लॅन एकाच मापात ट्रेसिंग पेपरवर काढून एकावर एक ठेवा. जिथे भिंतींच्या रेघा सगळीकडे जुळतात, तिथे कॉलमची ओळ. जिथे दोन रेघा अर्ध्या मीटरने चुकतात, तिथे आत्ताच एखादी खोली थोडी लहान-मोठी करा; कागदावर ते फुकट आहे. ओळींमधलं अंतर तीन ते साडेचार मीटर ठेवलं की घराच्या खोल्या सहसा त्यात बसतात. त्याहून फार जवळ आणू नका, फूटिंग एकमेकांना भिडू लागतात.

कॉलमची लांब बाजू भिंतीच्या दिशेने फिरवली की तो खोलीत कमी डोकावतो. पण म्हणून सगळे एकाच दिशेने फिरवू नका, नाहीतर भूकंपाच्या धक्क्याला इमारत एका बाजूने ताठ आणि दुसऱ्या बाजूने लवचीक राहते.

आणि जुळत नसलेली एखादी भिंत उरलीच तर? तर ती विटांची कशाला हवी? हलक्या ब्लॉकची किंवा पार्टिशनची करा. मात्र तिच्यासाठी बीमच्या मध्यावर नवा कॉलम उभा करू नका. त्या कॉलमला खाली पाया नसतो, आणि पुढच्या प्रत्येक मजल्याचं वजन तो त्या एकाच बीमवर आणून टाकतो.