वहीतली नऊ नावे

नमस्कार श्रोतेहो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो, तेव्हा कर्जप्रकरणे वाचण्यात गेलेल्या वर्षांचा अनुभव आता कपाटात बंद होणार, याची मनाला हुरहूर होती. निवृत्तिवेतन घेणाऱ्या अधिकाऱ्याला सुरुवातीचा ठरावीक काळ व्यापारी काम स्वीकारायचे असल्यास बँकेची परवानगी लागते. ती मुदत संपल्यावरच मी जुन्या सहकाऱ्यांची वही काढली. तीत 22 नावे होती. जे अजून कर्जमंजुरीच्या खुर्चीत होते त्यांना मी वगळले, कारण माझा साधा फोनही त्यांना शिफारस वाटला असता. उरली 9 नावे.

मार्चअखेरीची धांदल ओसरू दिली आणि एप्रिलच्या उत्तरार्धापासून, संध्याकाळी, आठवड्याला दोनच फोन केले. आधी मुलाबाळांची, बदल्यांची विचारपूस झाली. काम मिळवून द्या, असे मी कुणालाही म्हटले नाही. "तुमच्या पाहण्यात कुणाचे प्रकरण कागदांपायी अडले असेल तर सांगा, आठवड्यातून दोन दिवस मी बसू शकतो," एवढेच बोललो. ज्यांच्याकडून काही कळले नाही त्यांना पोळ्याला एकदा शुभेच्छा दिल्या. त्यापुढे मात्र तगादा लावला नाही.

पोळा होऊन महिना झाला असेल, तेव्हा माझ्या शाखेत पूर्वी कृषी अधिकारी असलेल्या सहकाऱ्याचा फोन आला. "साहेब, इथल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं डाळ मिलचं प्रकरण दोनदा परत आलं. एकदा नजर टाकता का?"

प्रकल्प अहवाल नीटनेटका होता. मात्र त्यात यंत्रे आणि शेड मिळून 20 लाखांचीच मागणी होती. मिल रोज 5 क्विंटल तूर भरडणार आणि 60 दिवसांचा साठा ठेवणार, असे त्यातच लिहिले होते. म्हणजे 300 क्विंटल तूर. क्विंटलला 7,000 रुपये धरले तरी 21 लाख, यंत्रांहूनही अधिक. तूर जानेवारी ते मार्चमध्ये बाजारात येते आणि डाळ मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते. त्यामुळे या खेळत्या भांडवलाचा पत्ताच नसलेली मिल दुसऱ्या महिन्यात थांबणार, हे अहवाल तपासणाऱ्याला दिसत होते. मी संचालकांना दोन बदल सुचवले. पहिल्या वर्षी निम्मी भरडाई शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून करायची, म्हणजे तेवढा साठा विकत घ्यावाच लागत नाही. आणि उरलेल्या 150 क्विंटलसाठी, म्हणजे साडेदहा लाखांसाठी, मालतारणावर कॅश क्रेडिटची मागणी स्वतंत्रपणे जोडायची.

मानधन मी दिवसाप्रमाणे ठरवले आणि ते लेखी घेतले. कर्जाच्या रकमेवर टक्केवारी घेणारा सल्लागार कर्ज फुगवत जातो, हे मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळ वेळा पाहिले होते. शाखेत माझे नाव सांगू नका, हेही बजावले.

प्रकरण मंजूर झाले त्या संध्याकाळी मी त्या सहकाऱ्याला फोन करून हिशेब कसा बसला ते सविस्तर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, आमच्या शेजारच्या तालुक्यात हळदीवाले एक आहेत, त्यांनाही मंगळवारी पाठवू का?"