मॉडेलमधली ०.२० ची फट खरी किती?

(वडोदऱ्यात मकरपुरा आणि वाघोडिया भागातले डिझायनर, ड्राफ्ट्समन आणि डिप्लोमाचे विद्यार्थी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आज एकच जुळणी घेऊ आणि ती शेवटपर्यंत नेऊ. कन्व्हेअरची एक साधी आयडलर पुली. शाफ्ट जागेवर स्थिर, पुली त्याच्यावर फिरते. शाफ्ट २५ मिमीचा, त्याला एका बाजूला शोल्डर. शोल्डरला टेकून पहिली ६२०५ बेअरिंग, मग ४४ मिमी लांबीचा स्पेसर, मग दुसरी ६२०५ आणि शेवटी सर्क्लिप. बेअरिंगच्या आतल्या रिंगा शाफ्टवर हातानं सरकतील अशा फिटच्या आहेत. सर्क्लिप आणि दुसरी बेअरिंग यांच्यामध्ये थोडी फट हवी, नाहीतर सर्क्लिप खाचेत बसणारच नाही. पण फट फार झाली तर सगळा संच शाफ्टवर पुढेमागे सरकेल आणि पट्टा एका बाजूला ओढला जाईल. आपण ठरवू की फट कमीत कमी ०.०५ आणि जास्तीत जास्त ०.५० मिमी.

मॉडेलमध्ये बेअरिंग १५, स्पेसर ४४, पुन्हा १५ आणि सर्क्लिप १.२. बेरीज ७५.२. खाचेची बाहेरची भिंत शोल्डरपासून ७५.४ वर. मेजर टूल लावलं की फट ०.२० दिसते आणि ड्रॉइंग पुढे जातं. चूक नेमकी इथेच होते. ही ०.२० ची फट ज्या भागांची आहे ते भाग शॉपमध्ये कधी बनतच नाहीत.

कसं ते बघा. ६२०५ ची रुंदी कागदावर १५ आहे, पण नॉर्मल क्लासमध्ये तिचा टॉलरन्स शून्य ते उणे ०.१२ आहे. म्हणजे बेअरिंग १५ च्या वर कधीच जात नाही, खाली मात्र १४.८८ पर्यंत जाऊ शकते. तिचा मध्य १४.९४. सर्क्लिपचंही तसंच, १.२ वर शून्य ते उणे ०.०६, म्हणजे मध्य १.१७. मॉडेल मात्र १५ आणि १.२ हेच धरून बसलेलं असतं. मध्यावरची मापं घातली तर बेरीज ७५.०५ येते आणि फट ०.३५. एकही भाग टॉलरन्सबाहेर नसताना मॉडेलची फट आणि खरी मधली फट यांच्यात ०.१५ चा फरक पडला. एकतर्फी टॉलरन्स असलेला प्रत्येक विकत घेतलेला भाग असाच मॉडेलला एका बाजूला ढकलतो. म्हणून पहिलं काम हे की साखळीतलं प्रत्येक माप मध्यावर आणून दोन्हीकडे सारखा टॉलरन्स लिहायचा. बेअरिंग १४.९४ ± ०.०६, सर्क्लिप १.१७ ± ०.०३, स्पेसर ४४ ± ०.०५, खाच ७५.४ ± ०.१.

साखळी अशी:

```
G = H - (B1 + S + B2 + C)
```

G म्हणजे फट, H म्हणजे शोल्डरपासून खाचेच्या बाहेरच्या भिंतीपर्यंतचं अंतर. सगळे टॉलरन्स बेरजेला घ्या: ०.१, ०.०६, ०.०६, ०.०५, ०.०३, मिळून ०.३०. म्हणजे फट ०.३५ ± ०.३०, ०.०५ पासून ०.६५ पर्यंत. खालची बाजू जेमतेम जमली, वरची गेली.

आता हेच मॉडेलमध्ये बघायचं. त्यासाठी असेंब्लीच्या दोन कॉन्फिगरेशन करा, GAP_MIN आणि GAP_MAX. पहिलीत शाफ्टचं माप ७५.३, बाकी सगळे भाग जाडात जाड. दुसरीत शाफ्ट ७५.५, बाकी सगळे बारीकात बारीक. फट ०.०५ आणि ०.६५ आली पाहिजे. आली नाही तर मॉडेल चुकीचं बांधलंय, आणि ते शोधणं हाच या सगळ्या खटाटोपातला खरा फायदा आहे. कागदावरचं गणित पाच मिनिटांत होतं. मॉडेल कुठे खोटं बोलतंय ते मात्र कागद सांगत नाही.

बहुतेक वेळा गडबड मेटमध्ये असते. रिंग शोल्डरला टेकवा, स्पेसर रिंगेला, दुसरी रिंग स्पेसरला, सर्क्लिप खाचेच्या बाहेरच्या भिंतीला. इथे थांबा. सर्क्लिप आणि दुसऱ्या रिंगेमध्ये काहीही मेट द्यायचं नाही. ती जागा मोकळी राहिली तरच फट मोजता येते. घाईत कुणीतरी तिथे ०.२ चं डिस्टन्स मेट घालून ठेवतं, मग स्पेसर पन्नास मिमीचा केला तरी फट ०.२ च दिसते आणि सर्क्लिप खाचेबाहेर जाऊन हवेत लटकते. दुसरा प्रकार जास्त लपलेला. स्पेसरचं स्केच असेंब्लीत बसून, शाफ्टच्या कडा धरून काढलेलं असतं. मग शाफ्टचं माप बदललं की स्पेसरही मुकाट्यानं त्याच्याबरोबर वाढतो आणि फट जिथल्या तिथे. हे ओळखायची सोपी रीत आहे. एकेका भागात ०.१ चा फरक करा आणि फट बघा. H ०.१ नं वाढवला तर फट ०.१ नं वाढली पाहिजे, स्पेसर ०.१ नं वाढवला तर ०.१ नं घटली पाहिजे. जो भाग बदलून फट हलत नाही किंवा उलटी हलते, तिथला मेट किंवा बाहेरचा संदर्भ तपासा.

इंटरफिअरन्स चेकवर विसंबून राहू नका. तो फक्त एकमेकांत घुसलेले भाग दाखवतो, फट जास्त आहे हे तो कशाला सांगेल? एका जागी मात्र तो उपयोगी पडतो. शोल्डरच्या मुळाशी शाफ्टला फिलेट असते. ६२०५ च्या कोपऱ्याची सवलत कमीत कमी १ मिमी असते, म्हणून फिलेट त्याहून मोठी चालत नाही. ती १.५ ची झाली तर प्रत्यक्षात रिंग फिलेटवर चढून बसेल, शोल्डरला टेकणारच नाही, आणि तुमची सगळी साखळी तेवढी बाहेर सरकेल. मॉडेलमध्ये मेट मात्र आरामात लागतो. फिलेट खरी काढलेली असेल आणि बेअरिंगचा चॅम्फर खरा असेल तरच चेक हे पकडेल. डाउनलोड केलेल्या बेअरिंगचा चॅम्फर एकदा मोजून घ्या. कित्येक मॉडेलमध्ये तो अंदाजानं घातलेला असतो.

आता ड्रॉइंगकडे. खाचेचं माप दोन तऱ्हांनी देता येतं. शोल्डरपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत ७५.४ ± ०.१, किंवा आतल्या भिंतीपर्यंत ७४.१ ± ०.१ आणि खाचेची रुंदी १.३. मॉडेल दोन्हीकडे तंतोतंत एकच. पण रुंदीला H13 म्हणजे शून्य ते अधिक ०.१४ टॉलरन्स असतो, आणि दुसऱ्या तऱ्हेत तो साखळीत शिरतो. मग फटीची वरची हद्द ०.६५ वरून ०.७९ वर जाते. एकही भाग बदलला नाही, नुसती माप द्यायची जागा बदलली. सर्क्लिप ज्या भिंतीला टेकते त्या भिंतीचंच माप द्या.

मग ०.५० च्या आत आणायचं कसं? बेअरिंग आणि सर्क्लिप आपल्या हातात नाहीत, त्यांचे ०.१५ गेलेच. ०.०५ ते ०.५० मध्ये बसायला एकूण ± ०.२२ च मिळतात, म्हणजे उरलं ०.०७. खाच आणि शोल्डर एकाच क्लॅम्पिंगमध्ये सीएनसीवर काढले तर ± ०.०५ अवघड नाही. स्पेसरची दोन्ही तोंडं ग्राइंड करून ± ०.०२. बेरीज ०.२२. आणि मध्य ०.२७ वर आणायला H ७५.३२ करायचा. आता फट ०.०५ ते ०.४९. लक्षात घ्या, नुसते टॉलरन्स घट्ट करून हे जमलं नसतं. मध्य ०.३५ वरच ठेवला असता तर वरचं टोक ०.५७ वर गेलं असतं.

इथे कुणीतरी म्हणेल की सगळे भाग एकाच वेळी टोकाला कशाला जातील, वर्गांची बेरीज करून मूळ घ्या. मूळच्या टॉलरन्सवर तसं केलं तर ± ०.१४ येतं, फट ०.२१ ते ०.४९, आणि ग्राइंडिंगचा खर्च वाचतो. हे गणित खोटं नाही, पण ते प्रत्येक माप मध्याभोवती विखुरलंय आणि एकमेकांशी संबंध नाही असं धरून चालतं. लेथवर तसं होत नाही. टर्नर धातू राखून थांबतो, कारण जास्त कापलं तर भाग भंगारात. म्हणून स्पेसर वरच्या हद्दीकडे राहतात आणि खाच आतल्या बाजूला राहते. H ७५.३३ आणि स्पेसर ४४.०३ भोवती राहिले तर फटीचा मध्य ०.३५ वरून ०.२५ वर येतो, आणि ०.२१ हा खालचा आकडा निरर्थक ठरतो. शिवाय एकाच लॉटमधल्या दोन बेअरिंग एकमेकींसारख्याच निघतात. त्या स्वतंत्र नाहीत. रोज शेकडो पुल्या बनत असतील आणि मापांचे चार्ट ठेवलेले असतील तर ही पद्धत वापरा. महिन्याला वीसेक नग बनवणाऱ्या शेडमध्ये टोकाची बेरीजच बरी. किंवा मूळचे टॉलरन्स तसेच ठेवून फट जास्त निघाली तिथे ०.२ चा शिम घाला.

दोन गोष्टी मॉडेल अजिबात दाखवत नाही. वजन कमी करायला स्पेसर ॲल्युमिनियमचा केला आणि पुली ४० अंशांनी तापली, तर स्टीलच्या शाफ्टपेक्षा तो जवळपास ०.०२ जास्त वाढेल, आणि ०.०५ मधले ०.०२ म्हणजे थोडे नव्हेत. दुसरी गोष्ट म्हणजे पुली हातानं हलवून डायलवर जो शेक दिसतो त्यात बेअरिंगचा स्वतःचा शेकही मिसळलेला असतो. फट तपासायची तर सर्क्लिप आणि आतली रिंग यांच्यामध्ये फीलर घाला.

आणि इन्स्पेक्शन. या शाफ्टवर खाचेची खोली फक्त ०.५५ मिमी असते, व्हर्निअरचा जबडा बाहेरच्या भिंतीवर धड टेकत नाही. मग तपासणारा सोयीची, आतली भिंत मोजतो आणि रिपोर्टवर ओके लिहितो. ज्या मापावर सगळी साखळी उभी आहे ते मोजलंच गेलेलं नसतं. यासाठी पत्र्याचे दोन गेज करून घ्या, एक ७५.२७ चा आणि एक ७५.३७ चा. त्यांचा खाचेत जाणारा पाय १ मिमी जाडीचा आणि अर्धा मिमी उंचीचा. पहिला शोल्डर आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये बसला पाहिजे, दुसरा बसता कामा नये.