रेलिंगला केमिकल अँकर की एक्स्पान्शन बोल्ट?

नमस्कार मंडळी. आज बाल्कनीच्या रेलिंगचा पाया बघू. एक मीटर उंचीचा पोस्ट, खाली दहा सेंटीमीटरची बेस प्लेट, चार बोल्ट. वर कोणी 75 किलोच्या जोराने बाहेर रेललं, तर प्लेट बाहेरच्या कडेवर टेकते आणि आतल्या दोन बोल्टना उपटायला बघते. ते बोल्ट त्या कडेपासून आठ सेंटीमीटरवर आहेत. म्हणजे 75 गुणिले 100 भागिले 8, जवळजवळ 940 किलो. एकेका बोल्टवर पावणेपाचशे!

[एक्स्पान्शन बोल्ट हातात]

हा आवळला की याची खालची क्लिप फुलते, भोकाच्या भिंतींना रेटते आणि त्या घर्षणावर बोल्ट धरतो. जाड काँक्रीटच्या मधोमध हा उत्तम, लगेच लोडही घेतो. पण स्लॅबच्या कडेजवळ तोच रेटा काँक्रीट फोडतो. आवळताना कडेला बारीक चीर दिसली किंवा बोल्ट नुसताच फिरत राहिला, तर ते भोक बाद.

केमिकल अँकर म्हणजे भोकात केमिकल भरून त्यात बसवलेला रॉड. तो भोकाच्या भिंतीला रेटत नाही, चिकटून धरतो. म्हणून कडेजवळ तो बरा. कंपनीच्या तक्त्यात कडेपासूनचं किमान अंतर मात्र त्यालाही दिलेलं असतं, ते पाळाच.

[भोक आणि ब्रश जवळून]

याची सगळी मदार भोकाच्या सफाईवर. बारा एमएमच्या रॉडला चौदाचं भोक. तळापासून हवा मारा, तारेचा ब्रश फिरवा, पुन्हा हवा. धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि वरून काहीच कळत नाही. नोझलमधून आलेला पहिला माल फेकून द्या, रंग एकसारखा झाला की तळापासून दोन तृतीयांश भरा, रॉड फिरवत आत घाला. कडेने केमिकल वर आलं पाहिजे. मग ट्यूबवर लिहिलेला वेळ होईपर्यंत हात लावायचा नाही. थंडीत तो बराच वाढतो.

आणखी एक, इथे फार लोक फसतात. टाइल आणि खालचा मसाला मिळून पाच सेंटीमीटर सहज जातात. दहा सेंटीमीटरचा बोल्ट मग काँक्रीटमध्ये पाचच उरतो. खोली मोजायची ती काँक्रीटपासून.

रेलिंगऐवजी मशीन बसवायचं असेल तर थोडक्यात: सतत थरथरणाऱ्या मशीनला मी केमिकलच सांगेन, कारण साधा एक्स्पान्शन बोल्ट थरथरीने ढिला पडतो.

पण छताला कायम लटकणाऱ्या वजनाला वाटेल ते केमिकल चालत नाही. 2006 मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीट पॅनल गाडीवर कोसळून एक बाई गेली. तपासात निघालं, की लवकर घट्ट होणारं इपॉक्सी वापरलं होतं आणि सततच्या ओढीने रॉड हळूहळू सरकत बाहेर आले. तिथे कायम ओढ सोसण्यासाठी प्रमाणित केलेला अँकरच मागा आणि त्याचा कागद बघितल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका.