एकाच घरातली दोन लेकरं आणि राज्यघटना

श्रोतेहो, नमस्कार.

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक पाडा आहे, असं समजा. तिथे कापूस वेचणाऱ्या एका जोडप्याला दोन लेकरं आहेत. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. पाड्याजवळ ना शाळा, ना अंगणवाडी. बाप उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला, तर मुलीसाठी त्याची बाजू भक्कम आहे. मुलाच्या शिक्षणाबाबत मात्र ती तितकी पक्की नाही. असं का?

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं मोफत शिक्षण हा घटनेच्या कलम २१-अ मधला मूलभूत हक्क आहे. तो डावलला गेला, तर कलम २२६ खाली रिट याचिका करता येते आणि न्यायालय सरकारला थेट आदेश देऊ शकतं. सहा वर्षांखालच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण कलम ४५ मध्ये आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. कलम ३७ सांगतं की ही तत्त्वं राज्यकारभारात मूलभूत आहेत, कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, पण न्यायालयामार्फत त्यांची अंमलबजावणी करून घेता येणार नाही.

यामागचं कारण मला पटतं. बहुतेक मूलभूत हक्क सरकारला 'हे करू नको' असं बजावतात, आणि चुकीचा कायदा रद्द करायला न्यायाधीशाला तिजोरी लागत नाही. मार्गदर्शक तत्त्वांना मात्र बहुधा पैसा लागतो. कोणत्या गावाला आधी शाळा, कुठे आधी दवाखाना, हे अर्थसंकल्पात ठरतं, आणि तो मंजूर करतात ते मतदारांना उत्तर देणारे लोकप्रतिनिधी.

पण या दोन लेकरांमधली रेघ कायम इथेच नव्हती. मूळ कलम ४५ चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांसाठी होतं. त्यात दहा वर्षांची मुदतही घातलेली होती. म्हणजे १९६० पर्यंत हे काम व्हायला हवं होतं. मुदत टळली, आणि कोणाला कोर्टात खेचता आलं नाही. मला याचीच सर्वांत जास्त चीड येते. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ मधला जगण्याचा हक्क कलम ४५ च्या उजेडात वाचला आणि चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्कच आहे असं म्हटलं. त्यापुढच्या शिक्षणाला मात्र सरकारच्या आर्थिक कुवतीची मर्यादा ठेवली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आलं, पण त्यात सहा वर्षांखालची मुलं घेतली नाहीत. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

धाकट्याचा हात अगदीच रिकामा नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याला अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क आहे. तो आहार मिळत नसेल, तर बापाने त्या कायद्याचं नाव घेऊन तक्रार करावी. अक्षरओळखीसाठी मात्र त्याला अजून दोन वर्षं थांबावं लागेल. तोवर तो आईच्या मागे कापसाच्या सरीत फिरतो आहे.