जुन्या यंत्राची पुस्तकी किंमत आणि नव्याचा हिशेब

विषय निव्वळ वर्तमान मूल्याचा आहे, म्हणजे पुढे येणारी रोकड आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा करण्याचा, पण आधी एका वाक्याबद्दल बोलतो, कारण ते ऐकलं की मला राहवत नाही. “जुन्या यंत्राचे अजून चार लाख वसूल व्हायचेत, मग नवं कसं घ्यायचं?”

ते चार लाख म्हणजे पुस्तकी किंमत. खरेदीच्या रकमेतून आजवरचा घसारा वजा केला की उरतो तो आकडा. पैसे केव्हाच गेले. आज विकलं तर दीड लाख येतात. मग हिशेबनीस अडीच लाखांचा तोटा मांडतात आणि तो नव्या यंत्राच्या माथी मारतात. मी विचारतो, नवं घेतलं नाही तर ते अडीच लाख परत येतील का? (मागच्या रांगेत माना हलताहेत, म्हणजे हा प्रसंग तुमच्याकडेही घडलेला दिसतो.) येणार नाहीत. जो पैसा दोन्ही पर्यायांत सारखाच गेलेला आहे, तो तुलनेत येतच नाही. विक्रीच्या तोट्यामुळे कर वाचत असेल, तर तेवढी करबचत मात्र जरूर धरा. ती खरी रोकड आहे. आज कर बाजूला ठेवतो.

वेळ संपत आलीय, म्हणून उदाहरण भराभर घेऊ. नवं यंत्र दहा लाखांचं. जुन्याचे दीड लाख आजच हातात येतात, म्हणून खरी गुंतवणूक साडेआठ लाख. पाच वर्षं दरवर्षी 2.6 लाखांची बचत. शेवटी भंगाराचा एक लाख; पण जुनं ठेवलं असतं तर त्याचेही तेव्हा तीस हजार आले असते, म्हणून फरक सत्तर हजारांचा. हे तीस हजार जवळजवळ सगळेच विसरतात. पुढच्या रकमा आजच्या किमतीत आणायचा दर वर्षाला 12 टक्के.

या दराने पाच वर्षं दरवर्षी येणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत, म्हणजे बचतीचा गुणक, 3.605; 2.6 लाखांना त्याने गुणलं की 9.37 लाख. पाचव्या वर्षाचा गुणक 0.567, म्हणजे भंगाराचे 0.40 लाख. बेरीज 9.77, त्यातून साडेआठ वजा: निव्वळ वर्तमान मूल्य अधिक 1.27 लाख. यंत्र घ्यावं. तो अडीच लाखांचा तोटा घुसडला असता, तर उत्तर उणे 1.23 आलं असतं आणि चांगला प्रस्ताव फेटाळला गेला असता.

भंगाराच्या भावावर बैठकीत तासभर वाद घालू नका. नव्याच्या भंगाराचे शून्य धरले तरी उत्तर सुमारे 70 हजारांनी अधिकच राहतं. वार्षिक बचत मात्र 2.25 लाखांच्या खाली गेली की ते उणे होतं. म्हणून बचतीचा प्रत्येक घटक तपासा. चालकाचा पगार वाचला असं लिहिलंय, पण तोच माणूस दुसऱ्या विभागात त्याच पगारावर आहे आणि तिथे माणसाची गरजच नव्हती, तर रोकड वाचलेली नाही. तो आकडा खोडा आणि पुन्हा गुणाकार करा.