तासाभराच्या भाषणातलं एक वाक्य: ध्वनिमुद्रणाचा संदर्भ कसा द्यावा

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण प्रबंध लिहिताय, काही लेख लिहिताय, काही विकिपीडियावर भर घालताय. पुस्तकाचा संदर्भ पृष्ठक्रमांकाशिवाय दिला तर मार्गदर्शक लगेच लाल शाई काढतात. भाषणाचं मात्र उलट. तळटीपेत वक्त्याचं नाव, युट्यूबची लिंक, संपलं. भाषण दोन तास अकरा मिनिटांचं. वाचकाने काय करायचं? संध्याकाळ मोकळी ठेवायची?

माझं गाऱ्हाणं एवढ्यावर थांबत नाही. ज्यांनी वेळ लिहिली आहे त्यांच्याही नोंदी वर्षभराने चुकीच्या निघतात, आणि त्यात लिहिणाऱ्याचा दोष नसतो. १:०७:४२ ही वेळ भाषणातली नसते, ती फाइलमधली असते. भाषण तेच राहतं, फाइल बदलते. आज मुख्यतः यावर बोलायचंय. नोंद नेमकी कशी लिहायची हे शेवटी सांगेन, वेळ उरला तर.

आपल्या व्याख्यानमालेचं थेट प्रक्षेपण डोळ्यांपुढे आणा. ‘थोड्याच वेळात सुरू होत आहे’ ही पाटी दहा-बारा मिनिटं दिसते. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, वक्त्यांचा परिचय. सत्कार किती जणांचा, त्यावर भाषण कधी सुरू होणार हे ठरतं! तुम्ही त्याच रात्री चित्रफीत पाहता आणि हवं ते वाक्य १:०७:४२ला सापडतं. पुढच्या आठवड्यात आयोजक युट्यूबच्या संपादकात जाऊन सुरुवातीची पाटी कापतात. चांगलंच करतात, बघणाऱ्यांचा त्रास वाचतो. पण कापल्यावर लिंक बदलत नाही. पत्ता तोच, आतलं सगळं अलीकडे सरकलेलं. वाचक तुमच्या वेळेवर जातो आणि त्याला वेगळंच काहीतरी ऐकू येतं. तो म्हणणार, यांनी अवतरण रचलं.

यावर उपाय एकच आकडा आहे: पाहिली तेव्हाची एकूण लांबी. तुम्ही लिहिलं असेल ‘१:०७:४२, एकूण २:११:०५’ आणि वाचकाला आज एकूण १:५८:३५ दिसत असेल, तर साडेबारा मिनिटं कमी झालीत. सगळी सुरुवातीची गेली असतील, तर वाक्य ५५:१२ला हवं. तिथे सापडलं तर प्रश्न मिटला. नाही सापडलं, तर काही भाग शेवटचा, म्हणजे बहुधा आभारप्रदर्शनाचा, कापला गेलाय. मग ५५:१२ आणि १:०७:४२ यांच्यामध्ये शोधायचं. मधलाच तुकडा काढला असला तरी वाक्य याच पट्ट्यात असतं. अर्थात, ते वाक्यच कापलेलं नसेल तर.

पॉडकास्टचं दुखणं याहून अवघड. पुष्कळ पॉडकास्टमध्ये जाहिराती आता कायमच्या ध्वनिमुद्रित नसतात. तुम्ही भाग उतरवून घेता त्या क्षणी सर्व्हर त्या आत जोडतो. तुम्ही पुण्यात, वाचक न्यू जर्सीत. तुम्ही मार्चमध्ये ऐकलं, त्याने दिवाळीत. जाहिराती वेगळ्या, लांबी वेगळी. भागाचं नाव, तारीख, दुवा सगळं सारखं, आणि वाक्य मात्र दोन मिनिटं पुढे.

उदाहरण बघू. तुमच्या प्रतीत वाक्य ४१:२०ला आहे आणि भाग १:०३:१०चा. वाचकाच्या प्रतीची लांबी १:०५:१०. दोन मिनिटांचा फरक दिसतो, पण तो वाक्याआधी पडला की नंतर, हे एकूण लांबीवरून कळत नाही. शिवाय आधीच्या जाहिराती वाढून नंतरच्या कमी झाल्या असतील, तर दोन मिनिटांच्या पट्ट्याचीही खात्री नाही. म्हणून पॉडकास्टसाठी खूण बोलण्यातली घ्यायची. वाक्याआधीची शेवटची जाहिरात संपून मुलाखत जिथे पुन्हा सुरू होते, तिथून मोजा. तुमच्याकडे ती ३५:१०ला सुरू होते, म्हणजे वाक्य तिथून सहा मिनिटं दहा सेकंदांवर. वाचकाकडे मुलाखत ३६:५५ला सुरू झाली, तर वाक्य ४३:०५ला. मध्ये जाहिरातीची जागा नसेल, तर हे अंतर हलत नाही. नोंदीत एक वाक्य वाढतं: ‘दुसऱ्या जाहिरातीनंतर ६:१०’.

एक आडवळण घेतो, कारण हा प्रश्न नेहमी येतो: ‘एकाच फाइलमध्ये माझ्या फोनवर एक वेळ आणि लॅपटॉपवर दुसरी कशी?’ एमपीथ्रीचा बिटरेट बदलता असला की एखाद्या मिनिटाला किती जागा लागते हे ठरलेलं नसतं. अशा फाइलच्या सुरुवातीला बहुधा झिंग हेडर नावाचा माहितीचा तुकडा असतो, आणि त्यातल्या अनुक्रमणिकेत फक्त १०० नोंदी असतात. दीड तासाच्या भागात दोन नोंदींमधलं अंतर ५४ सेकंद. मधली जागा प्लेअर अंदाजाने काढतो, आणि प्रत्येक प्लेअरचा अंदाज वेगळा. ओळखायचं असं: थेट उडी मारून वाक्य ऐका, मग पाच मिनिटं मागे जाऊन सलग ऐकत पुन्हा तिथे या. घड्याळ वेगळं दिसलं तर दुसऱ्या प्लेअरमध्ये पडताळा, आणि नोंदीत सेकंद लिहून खोटी अचूकता दाखवू नका. ‘४१व्या मिनिटाच्या सुमारास’ पुरे. आणखी एक: ‘उरलेली वेळ’ कधीच लिहू नका. काही ॲप ती ऐकण्याच्या वेगानुसार बदलतात. झालेली वेळ लिहा.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरली आहेत. तेव्हा कबूल केलेलं भरभर सांगतो.

नोंदीत वक्ता, शीर्षक, वाहिनी किंवा पॉडकास्टचं नाव, भागाची तारीख, मग सुरुवात आणि शेवट, एकूण लांबी, तुम्ही ऐकल्याची तारीख, आणि अवतरणाचे पहिले पाच-सहा शब्द वक्त्याच्या तोंडचे, जसेच्या तसे. हे शब्द सोडू नका. वेळ चुकली तरी लिखित प्रत उपलब्ध असेल तर वाचक त्यात ते शोधू शकतो. वक्ता ‘म्हणजे’, ‘अं’ म्हणाला असेल तर ते शब्द सोडून पुढचे घ्या, कारण लिखित प्रतीत ते बहुधा गाळलेले असतात.

शैलीचं म्हणाल तर एपीएमध्ये कंसात वर्षानंतर सुरुवातीची वेळ येते, एमएलएमध्ये तास-मिनिटं-सेकंद आणि पल्ला. एकूण लांबी दोन्ही मागत नाहीत. ती तळटीपेत घाला, कोणी अडवत नाही.

लिंकमध्ये वेळ सेकंदांत द्या. १:०७:४२ म्हणजे ३६०० अधिक ४२० अधिक ४२, एकूण ४०६२. एमपीथ्री थेट ब्राउझरमध्ये उघडत असेल तर दुसरा प्रकार:

```
https://youtu.be/VIDEO_ID?t=4062
https://example.org/bhag.mp3#t=2480,2515
```

दुसऱ्या ओळीत स्वल्पविरामानंतरचा आकडा शेवटाचा. ब्राउझर तिथे थांबतो. ही पद्धत डब्ल्यूथ्रीसीने २०१२मध्ये प्रमाण केली. लिंकमध्ये चार-पाच सेकंद आधीची वेळ दिली तर वाचकाला वाक्याची सुरुवात तुटलेली ऐकू येत नाही. लिखित नोंदीत मात्र खरी वेळच ठेवा. आणि केवळ लिंकमध्ये वेळ लपवून मोकळे होऊ नका. लेख छापला गेला की लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही, आणि चित्रफीत काढून टाकली तर दुसऱ्या प्रतीत शोधायला आकडे कागदावरच लागतात.

प्रश्न असतील तर विचारा, दोन मिनिटं आहेत.